एकच कोष्टक आणि दोन रेषा

प्रश्न : सर, मी बी. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात संख्याशास्त्रात केटी लागली. सहसंबंध आणि रिग्रेशन हे दोन्ही धडे मला एकसारखेच वाटतात. तेच कोष्टक, त्याच बेरजा. सराव परीक्षेत y दिला होता आणि x काढायचा होता. मी y चे समीकरण आधीच काढले होते, म्हणून तेच उलटे सोडवले, तर सगळे गुण गेले. गाइडमध्ये ‘सहसंबंधात फक्त नाते असते, रिग्रेशनमध्ये कारण आणि परिणाम असतात’ असे वाक्य आहे. ते पाठ केले, पण गणित सोडवताना त्याचा काही उपयोग झाला नाही. नेमका फरक काय आहे?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

गाइडमधले ते वाक्य आधी वहीतून खोडून टाक, कारण ते अपुरे नाही, चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे पुढे आकड्यांतूनच दिसेल. तुझे समीकरण उलटे सोडवण्याचे गणित बीजगणित म्हणून बिनचूक असणार, याची मला खात्री आहे. तरीही उत्तर चुकले, आणि ते का चुकले हे समजले की या दोन धड्यांतला फरक वेगळा पाठ करावा लागणार नाही. म्हणून मी याच एका मुद्द्यावर थांबणार आहे.

त्यासाठी ज्या सामग्रीतून हा सगळा विषय उभा राहिला तीच घेऊ. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये इंग्लंडमधल्या २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीचे कोष्टक प्रसिद्ध केले. स्त्रियांची उंची पुरुषांच्या उंचीशी तुलना करण्याजोगी व्हावी म्हणून त्यांनी प्रत्येक स्त्रीच्या उंचीला १.०८ ने गुणले आणि मग आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढली. या सरासरीला आपण x म्हणू आणि अपत्याच्या उंचीला y. कोष्टकाच्या आडव्या ओळी x च्या आहेत, उभे रकाने y चे आहेत, आणि प्रत्येक चौकटीत त्या ओळीत आणि त्या रकान्यात बसणाऱ्या अपत्यांची संख्या लिहिलेली आहे. उंची इंचांत आहे. x ची सरासरी ६८.३१ आणि प्रमाण विचलन १.७९ आहे, y ची सरासरी ६८.०९ आणि प्रमाण विचलन २.५२ आहे. पालकांच्या बाजूला प्रमाण विचलन कमी आहे, कारण तिथे प्रत्येक आकडा दोन माणसांच्या उंचीची सरासरी आहे आणि सरासरी काढली की टोके बोथट होतात. हा तपशील लक्षात ठेव, पुढे तो कामाला येईल.

या सामग्रीचा सहसंबंध गुणांक r = ०.४६ येतो. तो काढताना x आणि y यांची अदलाबदल केलीस तरी तो तेवढाच राहतो, कारण सूत्राच्या अंशात दोघांच्या विचलनांचा गुणाकार आहे आणि छेदात दोघांच्या प्रमाण विचलनांचा. कोणाला आधी लिहिले याने गुणाकार बदलत नाही. उंची इंचांऐवजी सेंटिमीटरमध्ये मोजलीस तरीही तो ०.४६ च राहतो, कारण वर जे २.५४ ने गुणले जाते ते खालीही गुणले जाते आणि कटून जाते. म्हणजे r ला दिशा नाही आणि एकक नाही. ‘या दोन गोष्टी किती घट्टपणे एका सरळ रेषेच्या आसपास राहतात’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो. ‘पालकांची उंची एक इंच वाढली तर अपत्याची किती वाढते’ हे त्याला विचारलेस तर त्याच्याकडे उत्तर नाही.

ते उत्तर रिग्रेशनकडे आहे. पण रिग्रेशनला विचारण्याआधी आपल्याला ठरवावे लागते की माहीत काय आहे आणि काढायचे काय आहे. गॉल्टन यांच्या कोष्टकात ७०.५ इंचांची ओळ घे. या उंचीच्या पालकांची ६८ अपत्ये त्या ओळीत पसरलेली आहेत आणि त्यांची सरासरी उंची साडेएकोणसत्तर इंचांच्या आसपास आहे. अशी प्रत्येक ओळीतल्या अपत्यांची सरासरी काढत गेलीस आणि त्या सरासऱ्यांच्या शक्य तितक्या जवळून जाणारी सरळ रेषा ओढलीस, की ती झाली y ची x वरील रिग्रेशन रेषा:

y = २३.९४ + ०.६४६ x

न्यूनतम वर्ग पद्धत हेच काम एका फटक्यात करते. प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचे उभे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, आणि या वर्गांची बेरीज सर्वांत लहान होईल अशी रेषा निवडायची. अंतर उभेच का, तर आपण y चा अंदाज करत आहोत आणि चूक y मध्येच मोजायची आहे. x तर दिलेलाच आहे, त्यात चूक होण्याचा प्रश्नच नाही.

आता तुझा प्रश्न घेऊ. समज, एका अपत्याची उंची ७२.२ इंच आहे आणि त्याच्या पालकांच्या उंचीचा अंदाज करायचा आहे. तू केलेस तसे वरचे समीकरण उलटे सोडवले तर ७२.२ मधून २३.९४ वजा करून ०.६४६ ने भागायचे, म्हणजे उत्तर जवळपास ७४.७ इंच येते. हे उत्तर खरे आहे का, हे तपासायला सूत्राची गरजच नाही, कारण कोष्टकात ७२.२ चा रकाना समोर आहे. त्यात ४१ अपत्ये आहेत, आणि त्या सगळ्यांच्या पालकांच्या उंचीची सरासरी काढली तर ती ७० इंचांच्या थोडीशीच वर भरते. ७४.७ ही तर संपूर्ण कोष्टकातल्या नेहमीच्या पालकांपलीकडची उंची आहे. ७३ च्या वरच्या शेवटच्या ओळीत ९२८ पैकी अवघी ४ अपत्ये आहेत. तुझे गुण इथेच गेले.

चूक कुठे झाली ते बघ. पहिली रेषा आडव्या ओळींच्या सरासऱ्यांमधून गेली होती. तिने ‘७०.५ उंचीच्या पालकांची अपत्ये’ असे गट पाडले होते. तुझ्या प्रश्नाला मात्र ‘७२.२ उंचीच्या अपत्यांचे पालक’ असा गट हवा आहे, आणि तो उभ्या रकान्यात आहे. हे दोन गट वेगवेगळ्या माणसांचे आहेत: ७०.५ च्या ओळीतल्या ६८ अपत्यांपैकी फक्त ४ जण ७२.२ च्या रकान्यात आहेत. त्यामुळे ओळींच्या सरासऱ्यांचा सारांश उलटा सोडवून रकान्यांच्या सरासऱ्या मिळतील, अशी अपेक्षाच करता येत नाही. त्यासाठी रकान्यांतून नवी रेषा ओढावी लागते. या वेळी चूक x मध्ये मोजायची असल्याने आडवी अंतरे लहानात लहान करायची, आणि मग मिळते:

x = ४६.१४ + ०.३२६ y

यात y = ७२.२ घातले की x जवळपास ६९.७ येतो. कोष्टकातल्या प्रत्यक्ष सरासरीपासून तो अर्ध्या इंचाच्या आसपासच दूर आहे. सरळ रेषेने केलेला अंदाज एवढा चुकणारच. जवळपास साडेचार इंचांनी चुकणे ही गोष्ट निराळी.

म्हणून एकाच कोष्टकातून सहसंबंध गुणांक एक निघतो आणि रिग्रेशन रेषा दोन निघतात. दोन्ही रेषा (६८.३१, ६८.०९) या सरासरीच्या बिंदूतून जातात आणि तिथून कात्रीच्या पात्यांसारख्या फाकतात. r जर १ किंवा उणे १ असेल तरच त्या एकमेकींवर बसतात, आणि तेवढ्याच एका परिस्थितीत समीकरण उलटे सोडवणे चालते. r शून्य असेल तर त्या एकमेकींना काटकोनात असतात, कारण तेव्हा x माहीत असूनही y बद्दल त्याच्या सरासरीपलीकडे काही सांगता येत नाही, आणि उलटही तसेच. r जितका लहान, तितकी कात्री जास्त उघडी.

आता गाइडमधल्या वाक्याकडे वळू. वरची दुसरी रेषा अपत्यांच्या उंचीवरून पालकांच्या उंचीचा अंदाज करते आणि तो चांगला करते. तिच्यात y हे कारण आणि x हा परिणाम आहे, असे म्हणायचे का? मुले उंच झाली म्हणून आईवडील उंच झाले, असे कोणी म्हणणार नाही. रिग्रेशनमध्ये आपण कोणत्या चलावरून कोणत्या चलाचा अंदाज करायचा हे निवडतो, आणि ही निवड आपल्या प्रश्नाची असते. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सामग्रीबाहेरच्या ज्ञानातून किंवा प्रयोगाच्या रचनेतून ठरते, रेषेतून ठरत नाही. पाठ्यपुस्तकांतले ‘स्वतंत्र चल’ आणि ‘अवलंबी चल’ हे शब्द या बाबतीत विद्यार्थ्यांची बरीच दिशाभूल करतात, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांच्या जागी ‘दिलेले चल’ आणि ‘काढायचे चल’ असे मनात म्हणून बघ.

याच दुसऱ्या रेषेने आणखी एक गैरसमज दूर होतो. खूप उंच पालकांची अपत्ये सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात, सर्वसाधारण उंचीकडे थोडी सरकलेली असतात. हे गॉल्टन यांना दिसले आणि ‘रिग्रेशन’ हे नाव तिथून आले. हा आनुवंशिकतेचा काही खास ओढा असावा असे पहिल्यांदा वाचताना वाटते, पण खूप उंच अपत्यांचे पालकही सरासरीने त्यांच्याइतके उंच नाहीत, हे आपण आत्ताच पाहिले. पुढच्या पिढीकडून मागे पाहिले तरी तेच घडते, म्हणजे हा परिणाम काळाच्या दिशेचा नाही. r हा १ पेक्षा लहान असल्याचा तो परिणाम आहे.

आता या दोन धड्यांना जोडणारा पूल. एकच r आणि दोन वेगळे चढ, ०.६४६ आणि ०.३२६, यांचा संबंध या दोन सूत्रांत आहे:

b_yx = r × s_y / s_x
b_xy = r × s_x / s_y

इथे s_x आणि s_y ही प्रमाण विचलने आहेत. आकडे घालून बघ: ०.४६ ला २.५२ ने गुणून १.७९ ने भागले की ०.६५ च्या आसपास येते, आणि उलट केले की ०.३३ च्या आसपास. (शेवटच्या अंकात फरक पडतो, कारण r आपण दोनच दशांश स्थळांपर्यंत घेतला आहे, अधिक अचूक r ०.४५९ आहे.) पालकांच्या बाजूचे प्रमाण विचलन लहान होते म्हणून एक चढ दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आला. दोन्ही उंची इंचांऐवजी आपापल्या प्रमाण विचलनांत मोजल्या असत्या, म्हणजे ‘सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन उंच’ अशा भाषेत, तर s_x आणि s_y दोन्ही १ झाले असते आणि दोन्ही चढ r इतकेच आले असते. गॉल्टन यांना हीच गोष्ट उंचीच्या कोष्टकानंतर दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, सापडली. त्यांनी ती पुरुषांची उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांवर दाखवली: हाताच्या लांबीवरून उंची काढताना चढ २.५ येत होता, उंचीवरून हाताची लांबी काढताना ०.२६, आणि दोन्ही मापे आपापल्या विस्ताराच्या एककांत मांडली की दोन्हीकडे एकच आकडा, ०.८. तोच पहिला सहसंबंध गुणांक. म्हणजे इतिहासात रिग्रेशन आधी आले आणि सहसंबंध त्यातून निघाला. आपल्या पुस्तकांत क्रम उलटा आहे, आणि माझ्या मते अर्धा गोंधळ त्या क्रमानेच होतो. तू ज्या सूत्राने r काढतेस ते कार्ल पिअर्सन यांनी पुढे १८९६ मध्ये मांडले.

या सूत्रांवरून आणखी एक गोष्ट दिसते. r कधीही १ च्या पुढे जात नाही, पण चढावर असे बंधन नाही. फक्त अपत्यांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिलीस आणि पालकांची इंचांतच ठेवलीस, तर b_yx ०.६४६ चा १.६४ होईल आणि r जागचा हलणार नाही. त्यामुळे चढ मोठा आला म्हणून नाते घट्ट आहे, असे उत्तरपत्रिकेत कधीही लिहू नकोस. नाते किती घट्ट हे r सांगतो, आणि तेही जरा जपून वाचावे लागते. पालकांची उंची माहीत नसताना अपत्याच्या उंचीचा अंदाज केला तर नेहमीची चूक प्रमाण विचलनाएवढी, म्हणजे २.५२ इंच असते. पालकांची उंची माहीत झाल्यावर ती √(१ − r²) पट होते, म्हणजे २.२४ इंच उरते. ०.४६ हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण अंदाजातली चूक त्याने फक्त ११ टक्क्यांनी कमी झाली.

तुला अर्थशास्त्रात पुढे काम करायचे असेल तर r आणि चढ यांच्या वागण्यातला आणखी एक फरक माहीत हवा. समज, गॉल्टन यांच्या कोष्टकातून फक्त उंच पालकांच्या ओळी ठेवल्या आणि बाकीच्या काढून टाकल्या. उरलेल्या प्रत्येक ओळीतली अपत्ये तीच आहेत, त्यांची सरासरीही तीच, त्यामुळे नाते खरोखर सरळ रेषेचे असेल तर y च्या x वरील रेषेचा चढ साधारण तोच राहील. r मात्र घसरेल, कारण x चा विस्तार आकसला आणि ओळींच्या आतला विस्तार होता तसाच राहिला. प्रवेश परीक्षेचे गुण आणि पदवीचे गुण यांचा सहसंबंध फक्त प्रवेश मिळालेल्यांवरून काढला तर तो लहान येतो, आणि लोक ती परीक्षाच निरुपयोगी ठरवून मोकळे होतात, त्यामागे बहुधा हेच असते. उलट, निवड y वरून केली, म्हणजे फक्त उंच अपत्ये ठेवली, तर ओळींच्या सरासऱ्याच बदलतात आणि हा चढही बिघडतो. म्हणून सामग्री हाती आली की ती कशावरून निवडली आहे, हे आधी विचारावे.

शेवटी परीक्षेत हमखास येणारे गणित. दोन रिग्रेशन समीकरणे दिलेली असतात आणि कोणते कोणाचे हे सांगितलेले नसते:

3x − 4y + 40 = 0
25x − 12y − 200 = 0

दोन्ही रेषा सरासरीच्या बिंदूतून जातात, म्हणून आधी दोन्ही एकत्र सोडव: x ची सरासरी २० आणि y ची सरासरी २५ मिळते. आता पहिले समीकरण y चे x वरील आहे असे समज. मग y = ०.७५x + १०, म्हणजे b_yx = ०.७५. दुसरे x चे y वरील, x = ०.४८y + ८, म्हणजे b_xy = ०.४८. वरच्या दोन सूत्रांचा गुणाकार केला तर प्रमाण विचलने कटतात आणि r² उरतो. इथे तो ०.३६ आहे, १ पेक्षा कमी, म्हणून समज बरोबर. उलटे समजले असतेस तर चढ ४/३ आणि २५/१२ आले असते आणि गुणाकार २.७८, r² इतका असूच शकत नाही, म्हणून ती निवड रद्द. वर्गमूळ काढताना चिन्ह विसरू नकोस: दोन्ही चढ आणि r यांचे चिन्ह नेहमी सारखेच असते. इथे ते धन आहे, म्हणून r = ०.६. प्रश्नात x चे प्रचरण १६ दिले असेल तर s_x = ४, आणि ०.७५ = ०.६ × s_y / ४ यावरून s_y = ५.

आता y = ३७ असताना x काढायला सांगितले, तर ‘काढायचे चल’ x आहे, म्हणून दुसरेच समीकरण वापर: ०.४८ × ३७ + ८ = २५.७६. पहिले समीकरण उलटे सोडवले असतेस तर ३६ आले असते. y सरासरीपेक्षा १२ ने वर आहे, म्हणजे २.४ प्रमाण विचलने वर, r ०.६ असताना x चा अंदाज त्याच्या सरासरीपेक्षा २.४ × ०.६ = १.४४ प्रमाण विचलने, म्हणजे ५.७६ वर असायला हवा. २० मध्ये ५.७६ मिळवले की २५.७६ च येतात. ३६ हे उत्तर सरासरीपेक्षा ४ प्रमाण विचलने वर आहे. ज्यावरून अंदाज करतो तो y फक्त २.४ वर असताना x चा अंदाज ४ वर जाणे शक्यच नाही, म्हणून अशा गणितात उत्तर लिहिण्याआधी ही पडताळणी करून पाहा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर R हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर असेल तर गॉल्टन यांचे कोष्टक तिथे तयार मिळते आणि या पत्रातले r आणि दोन्ही समीकरणे तुला स्वतः काढून बघता येतील:

```
install.packages("HistData")
library(HistData)
cor(Galton$parent, Galton$child)
lm(child ~ parent, data = Galton)
lm(parent ~ child, data = Galton)
```

`cor` मध्ये दोन नावांची अदलाबदल कर आणि उत्तर बघ. मग शेवटच्या दोन ओळींत `~` च्या डावीकडे काय आहे ते बघ. काढायचे चल तिथे लिहायचे असते.

तुझा,
शिकवणीचा सर

ता. क. : उत्तरपत्रिकेत समीकरणाशेजारी ‘y चे x वरील’ किंवा ‘x चे y वरील’ असे शब्दांत लिहीत जा. परीक्षकाला ते सोयीचे जाते आणि पुढच्या उपप्रश्नात चुकीचे समीकरण उचलले जात नाही.